थंड पेला, गरम पेला आणि मॉडची रेघ: 1/x च्या इंटिग्रेशनचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयातली ही गोष्ट. बारावी सायन्सच्या दोघांनी, एक मुलगी आणि एक मुलगा, डिफरन्शियल इक्वेशनच्या धड्यावर छोटा प्रकल्प घेतला होता. मुलीच्या घरी बेदाण्याचा व्यवसाय. कोल्ड स्टोरेजमधून बाहेर काढलेली बेदाण्याची पेटी किती वेळात खोलीच्या तापमानाला येते, हे न्यूटनच्या कूलिंगच्या नियमाने काढायचं अशी तिची मूळ कल्पना. खोलीशी जेवढा फरक, त्या प्रमाणात तापमान बदलण्याचा वेग, असा हा नियम. फिजिक्सच्या सरांनी ती तिथेच थांबवली. पेटीचा बाहेरचा थर कोमट झाला तरी आतला गाभा बराच वेळ गार राहतो, मग पेटीचं 'एक' तापमान म्हणायचं कशाला? नियमाला एकच तापमान, एकच T लागतो. म्हणून पेटी गेली आणि तिच्या जागी स्टीलचे दोन सारखे पेले आले. दोन्हींत सारखंच पाणी, वर झाकण, झाकणाच्या भोकातून आत थर्मामीटरची तार, आणि रीडिंग घेण्याआधी पाणी हलकेच ढवळायचं.

एका पेल्यात फ्रिजमधलं ८ अंशांचं पाणी, दुसऱ्यात ६८ अंशांचं गरम पाणी. मार्च महिना, सकाळी अकराची वेळ, खोलीचं तापमान ३२ अंश. दर वीस मिनिटांनी रीडिंग. नियम दोन्ही पेल्यांना एकच:

dT/dt = −k(T − 32)

T म्हणजे पाण्याचं तापमान, t म्हणजे वेळ, आणि k हा पाणी किती झपाट्याने खोलीच्या तापमानाकडे जातं ते सांगणारा स्थिरांक. अपेक्षा अशी की दोन्हीकडून k साधारण सारखा यावा. पेला तोच, पाणी तेवढंच, खोली तीच.

प्रकल्पाची वही आणि शीट गणिताच्या मॅडमनी मला नंतर दाखवली. दोन्ही मुलांची आणि मॅडमची परवानगी घेऊन, ओळखीचे तपशील काढून, हे लिहीत आहे. पुढे log म्हणजे बारावीच्या पुस्तकातल्यासारखा e पायाचाच लॉग. शीटमध्ये त्यालाच LN म्हणतात.

अडचण

गरम पेल्याचं गणित सरळ गेलं. T − 32 ला u म्हणायचं, मग du/u = −k dt, दोन्ही बाजूंचं इंटिग्रेशन, log u = −kt + C. शीटमध्ये log u चा ग्राफ काढला तर छान उतरती सरळ रेघ आली.

थंड पेल्याला तेच सूत्र लावलं.

```
=LN(B2-32)
```

B2 मध्ये ८ होते. उत्तर #NUM!. खालच्या सगळ्या ओळींतही तेच. कॅल्क्युलेटरवर log च्या आत −24 घातलं तर Math ERROR. मुलाने पुस्तक उघडून दाखवलं की सूत्रात log|x| आहे, आपण मॉड विसरलो. त्याने शीटमध्ये मॉडसाठी ABS घातलं आणि आकडे आले.

मुलीचं समाधान झालं नाही. ती मॅडमकडे गेली. तिचा प्रश्न वहीत तिच्याच शब्दांत आहे: "मॅडम, ऋण संख्येला लॉगच नाही म्हणता. मग मॉड लावून तिला धन करून घ्यायचं आणि लॉग काढायचा, हे चालतं कसं ओ? उत्तर येत नाही म्हणून चिन्ह पुसल्यासारखं वाटतंय."

ही शंका अगदी रास्त आहे. √x च्या आत ऋण संख्या आली म्हणून कुणी मॉड लावून पुढे गेलं तर आपण मार्क कापतो. इथे चालतं तर का चालतं, हे सांगता आलं पाहिजे.

कोणते पर्याय होते

मॅडमसमोर चार वाटा होत्या. त्यांनी त्या वहीच्या मागच्या पानावर मांडल्या.

पहिली वाट म्हणजे फरकच उलटा घ्यायचा. u ऐवजी v = 32 − T घेतला की v धन राहतो, dv/dt = −kv, आणि log v ला काहीच अडचण नाही. बहुतेक शिक्षक हेच करून पुढे जातात. गणित बरोबर आहे. पण मग थंडसाठी एक सूत्र आणि गरमसाठी दुसरं होतं, आणि मुलीचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो. शिवाय ज्यांना v न घेता थेट dT/(32 − T) चं इंटिग्रेशन करायची सवय आहे, ते बाहेरचा वजा हमखास विसरतात.

दुसरी वाट, मर्यादा घालून इंटिग्रेट करायचं. −24 पासून u पर्यंत 1/u चं इंटिग्रेशन log(u/−24) येतं. u सुद्धा ऋण, −24 सुद्धा ऋण, भागाकार धन. मॉडची गरजच पडत नाही. मला स्वतःला ही वाट सगळ्यांत स्वच्छ वाटते, कारण लॉगच्या आत कायम एकाच बाजूच्या दोन संख्यांचं गुणोत्तर राहतं. मॅडमचा आक्षेप असा की हे सूत्र सिद्ध करायलाच आधी ऋण बाजूचं उत्तर माहीत लागतं. तो आक्षेप निम्मा बरोबर आहे. u = −24s असं बदलून घेतलं की du/u चं ds/s होतं आणि आपण धन बाजूला येतो, पण हे बदलणं हीच खरी सिद्धता झाली, आणि ती मुलीला तशी दाखवावी लागली असती.

तिसरी वाट, मॉड ठेवायचं आणि ते का चालतं ते नीट दाखवायचं.

चौथी वाट काल्पनिक संख्यांची. ऋण संख्येला लॉग असतो, फक्त तो वास्तव संख्येत बसत नाही. log(−24) = log 24 + iπ असा घेता येतो, आणि iπ हा स्थिरांक असल्यामुळे तो C मध्ये जिरतो. हे बारावीच्या वर्गात आणायचं नाही असं मॅडमनी ठरवलं. योग्यच ठरवलं, कारण एका शंकेचं उत्तर देताना दहा नव्या उभ्या राहिल्या असत्या. पण या वाटेला इतिहास आहे आणि तो या प्रकरणाला इतका लागू आहे की पुढे थोडक्यात सांगतो.

निवड तिसऱ्या वाटेची झाली.

काय केलं: आधी उतार

मॅडमनी सुरुवात 'ऋण संख्येचा लॉग' या शब्दांपासून मुलीला बाजूला नेऊन केली. त्यांचं म्हणणं साधारण असं: "अगं, तू ऋण संख्येचा लॉग काढतच नाहीस. इंटिग्रेशन तुला विचारतंय ते एवढंच, की असं फंक्शन दे ज्याचा u या ठिकाणचा उतार 1/u आहे. ते फंक्शन कुठल्या घराण्यातलं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तू कोणतंही आण. उतार जुळला की काम झालं."

मग तपासणी. u ऋण असताना |u| म्हणजे −u, आणि ती संख्या धन आहे, म्हणून log(−u) ला अर्थ आहे. त्याचा डेरिव्हेटिव्ह चेन रूलने:

d/du log(−u) = (1/(−u)) · (−1) = 1/u

दोन वजा एकमेकांना खातात आणि उत्तर 1/u उरतं. 1/|u| उरत नाही, 1/u उरतं, चिन्हासकट. √ च्या उदाहरणाशी फरक इथेच आहे. तिथे मॉड लावलं की वेगळंच फंक्शन तयार होतं. इथे मॉड लावून जे फंक्शन तयार झालं, त्याचाच उतार आपल्याला हवा होता.

मुलीने मान हलवली, पण वहीत पुढे लिहिलं आहे: "दोन वजा कटले हे दिसलं. पण चित्रात काय झालं?"

म्हणून चित्र काढलं. उजव्या बाजूला नेहमीचा log u, चढत जाणारा. त्याची आरशातली प्रतिमा डाव्या बाजूला. उजवीकडे u = 2 ला ग्राफ चढतो, उतार 1/2. आरशात चढाचा उतार होतो, म्हणून u = −2 ला तेवढाच तिरपेपणा पण खाली जाणारा, म्हणजे −1/2. आणि 1/u सुद्धा −2 ला −1/2 च आहे. आरशाने चिन्ह उलटं केलं आणि 1/u नेही चिन्ह उलटं केलं. दोघांचं जमतं ते यामुळे.

आकड्यांत पाहायचं म्हणून कॅल्क्युलेटरवर log 2.1 = 0.7419 आणि log 2 = 0.6931 काढले. −2.1 वरून −2 वर यायचं, म्हणजे उजवीकडे 0.1 सरकायचं. log|u| या वाटेत 0.0488 ने कमी झाला. उतार −0.488. मधल्या बिंदूला 1/(−2.05) = −0.4878. जुळलं.

पण सगळ्यांत पटलं ते पेल्यांवरून. थंड पेल्यात u ऋण आहे आणि तापमान वाढतंय, म्हणून du/dt धन. गरम पेल्यात u धन आहे आणि du/dt ऋण. आता चेन रूल:

d/dt log|u| = (1/u) · (du/dt)

थंडात ऋण गुणिले धन, गरमात धन गुणिले ऋण. दोन्हीकडे ऋण, आणि समीकरणाप्रमाणे दोन्हीकडे नेमकं −k. म्हणजे लॉगचा ग्राफ दोन्ही पेल्यांसाठी खालीच उतरला पाहिजे, आणि सारख्याच उताराने. वर्गातला एक तिसरा मुलगा log|u| चा डेरिव्हेटिव्ह 1/|u| आहे असं ठामपणे सांगत होता. त्यालाही इथेच उत्तर मिळालं. त्याचं खरं मानलं तर थंड पेल्याची रेघ वर चढायला हवी होती, म्हणजे खोलीपासूनचा फरक वाढत जायला हवा होता. रीडिंग समोर होती. फरक कमीच होत होता.

दोन रेघा, दोन स्थिरांक

पहिल्या ८० मिनिटांची रीडिंग अशी. थंड पेला: ८, १५.९, २१.२, २४.८, २७.२. गरम पेला: ६८, ५५.७, ४७.५, ४२.२, ३८.७. खोली तोपर्यंत ३२ वरच होती.

थंडाचा log|u| सुरुवातीला log 24 = 3.178 आणि शेवटी log 4.8 = 1.569. ८० मिनिटांत 1.609 ची घट, म्हणजे k मिनिटाला 0.0201. गरमाचा log 36 = 3.584 वरून log 6.7 = 1.902 वर, म्हणजे k = 0.0210. दोन जवळजवळ समांतर रेघा. गरमाचा k थोडा जास्त आला त्याचं कारण सरांनी सांगितलं: फरक मोठा असला की पेल्याभोवतीची हवा जोराने वर सरकते आणि उष्णता थोडी जास्त वेगाने जाते. न्यूटनचा नियम हा अंदाजी नियम आहे, एवढा फरक त्यात खपतो.

आता या ग्राफकडे मुलीने बोट दाखवून विचारलं की दोन्ही रेघांचा C वेगळा का? सूत्रात तर एकच '+ C' आहे.

मॅडम इथे थांबल्या हे मला फार आवडलं. बहुतेक वेळा "सुरुवातीची स्थिती वेगळी म्हणून" एवढं सांगून हा प्रश्न संपवला जातो. ते खोटं नाही, पण आत आणखी एक गोष्ट आहे. 'ज्यांचा डेरिव्हेटिव्ह सारखा, त्यांच्यात फक्त स्थिरांकाचा फरक' हे प्रमेय सलग अंतरावरच खरं आहे. ते ज्या मीन व्हॅल्यू थिअरमवर उभं आहे, त्याला दोन बिंदूंच्या मधली सगळी वाट लागते. 1/u च्या बाबतीत शून्यावर वाट तुटलेली आहे. म्हणून उजवीकडे log u + 5 आणि डावीकडे log(−u) − 2 असं जोडून फंक्शन केलं, तरी त्याचा डेरिव्हेटिव्ह प्रत्येक ठिकाणी 1/u च येतो. पुस्तकातलं log|x| + C हे खरं तर दोन तुकड्यांचं उत्तर आहे, आणि प्रत्येक तुकड्याचा C आपापला. थंड पेल्याला 3.178 मिळाला, गरमाला 3.584. दोघांचा एकमेकांशी काही संबंध असण्याचं कारणच नाही.

इतिहास इथे लागतो. १७१२–१३ च्या सुमारास लायब्निझ आणि योहान बर्नुली यांचा पत्रांतून नेमका यावरच वाद झाला. बर्नुलीचं म्हणणं, d(−x)/(−x) आणि dx/x एकच, म्हणून log(−x) आणि log x एकच. लायब्निझला ते मान्य नव्हतं. ऋण संख्येचा लॉग वास्तव असूच शकत नाही, असं तो म्हणत राहिला. १७४९ मध्ये ऑयलरने या वादाचा निकाल लावला. डिफरन्शियल सारखं निघालं यावरून दोन्ही लॉग समान ठरत नाहीत, त्यांच्यात स्थिरांकाचा फरक आहे एवढंच ठरतं, आणि तो स्थिरांक काल्पनिक आहे. म्हणजे बर्नुलीने केलेली आकडेमोड आणि मॅडमने फळ्यावर केलेली आकडेमोड एकच. बर्नुली त्यातून जास्तीचं काही काढू पाहत होता. आपल्याला 1/u चं इंटिग्रेशन हवं आहे, त्याला ती आकडेमोड पुरते.

मॉड काढतानाही हेच ध्यानात ठेवायचं. log|u| = −kt + C वरून |u| = e^C · e^(−kt), आणि मॉड उघडलं की u = ±e^C · e^(−kt). ± ला आणि e^C ला मिळून A म्हटलं की u = A e^(−kt). थंड पेल्याला A = −24, गरमाला A = 36. पुसलं गेलं असं मुलीला वाटत होतं ते चिन्ह A मध्ये सुखरूप आहे. आणि ते मध्येच बदलत नाही. u = 0, म्हणजे पेला आधीपासूनच ३२ वर, हे स्वतःच समीकरणाचं एक उत्तर आहे आणि बाकीची उत्तरं त्याला छेदत नाहीत.

प्रकरण इथे संपलं असतं. पण मुलांनी रीडिंग घेणं थांबवलं नव्हतं.

शून्य ओलांडल्यावर

दुपार चढली तशी वरचे पत्रे तापले. खोलीचं तापमान पहिल्या शंभर मिनिटांनंतर हळूहळू वाढायला लागलं आणि दोनशेव्या मिनिटाला ३४ झालं. शीटमध्ये मात्र ३२ च राहिले. थंड पेल्याची १२० मिनिटांपासूनची रीडिंग अशी: २९.९, ३०.८, ३१.५, ३२.२, ३२.७.

ABS लावलेलं असल्यामुळे शीटने चकार शब्द काढला नाही. log|u| चे आकडे आले 0.742, 0.182, −0.693, −1.609, −0.357. सरळ रेघ आधी खोल बुडाली आणि मग वर उसळली. मुलाने वहीत लिहिलं की "शेवटी चुकीची रीडिंग आली असावी". रीडिंग बरोबर होती. पेला ३२ च्या पुढे गेला होता, u ऋणाचा धन झाला होता, आणि मॉडने ते झाकून टाकलं होतं.

त्यापुढची गोष्ट जास्त शिकवणारी. मुलाने सगळ्या रेघेऐवजी फक्त दोन टोकं घेऊन हिशेब केला. u = −24 पासून u = 0.7 पर्यंत:

log 0.7 − log 24 = −0.357 − 3.178 = −3.535

k = 0.0201 ने भागलं तर वेळ १७६ मिनिटं. प्रत्यक्षात २०० मिनिटं लागली होती. "अंदाजे जुळतंय की," असं त्याचं म्हणणं.

हे जुळणं फसवं आहे. खोली ३२ वरच राहिली असती तर पेला ३२.७ ला कधीच पोचला नसता, म्हणून त्याला किती मिनिटं लागतात या प्रश्नाला उत्तरच नाही. तरीही सूत्राने शांतपणे १७६ दिलं. मॅडमनी फळ्यावर एक एक पायरी मांडली. k साधारण 0.02 धरला तर ८ वरून ३१ ला यायला log 24 / 0.02, म्हणजे १५९ मिनिटं. ३१.९ ला यायला log 240 / 0.02, म्हणजे २७४. ३१.९९ ला ३८९. दर दशांशामागे ११५ मिनिटांची भर पडते, कारण log 10 / 0.02 तेवढे होतात. ३२ ला पोचायला लागणारा वेळ अनंत. पलीकडच्या बाजूलाही शून्यापासून 0.7 पर्यंतचा हिशेब तसाच अनंत येतो, उलट्या चिन्हाने. मुलाच्या १७६ मध्ये या दोन अनंतांची एकमेकांत वजाबाकी होऊन गेली होती आणि ती कुठे दिसलीही नव्हती.

दोन अनंतांची वजाबाकी कशी हवी तशी वाकवता येते हेही दाखवलं. शून्याच्या डावीकडे ε आणि उजवीकडे ε इतकी जागा सोडून इंटिग्रेट केलं तर दोन्ही log ε कटतात आणि −3.535 उरतो. पण उजवीकडे 2ε सोडले तर log 2 जास्तीचा उरतो, बेरीज −4.228 होते आणि वेळ २१० मिनिटं. ε कितीही लहान केला तरी हा फरक जात नाही. एकाच प्रश्नाला १७६ आणि २१० दोन्ही बरोबर असू शकत नाहीत. शून्य आत घेणाऱ्या मर्यादांमध्ये 1/u चं इंटिग्रेशन अस्तित्वातच नाही. log|u| दोन्ही बाजूंना खरा आहे, पण एका हिशेबात एकाच बाजूला.

निकाल

अहवालात थंड पेल्याची पहिली १०० मिनिटंच घेतली. कारण दोन. एक, त्यानंतर खोली बदलायला लागली, आणि खोली बदलत असताना समीकरणात dT/dt च्या जोडीला खोलीच्या बदलाचाही भाग येतो, मग log|u| ची रेघ सरळ राहण्याचं कारण उरत नाही. खोलीचं खरं तापमान प्रत्येक ओळीत घातलं तरी हा भाग जात नाही. दोन, फरक लहान झाला की लॉग थर्मामीटरच्या चुका फुगवतो. फरक २४ असताना अर्ध्या अंशाची चूक लॉगमध्ये 0.02 ची पडते. फरक १ असताना तीच चूक लॉगला −0.69 पासून 0.41 पर्यंत कुठेही नेऊ शकते.

शीटमध्ये खोलीच्या तापमानासाठी C हा वेगळा स्तंभ केला आणि सूत्र असं बदललं:

```
=IF(SIGN(B2-C2)=SIGN($B$2-$C$2), LN(ABS(B2-C2)), "बाजू बदलली")
```

अहवालात k दोन दिले, थंडाचा 0.020 आणि गरमाचा 0.021. परीक्षकांनी तोंडी विचारलं की मॉड का लावलं. मुलीने d/dt log|u| चं ते ऋण-धनाचं गणित कागदावर करून दाखवलं.

वेगळं काय करता आलं असतं

खोलीचं तापमान पहिल्या मिनिटापासून दर रीडिंगला लिहायला हवं होतं. सांगलीत मार्चमध्ये पत्र्याखालची खोली अकरा ते दोन एकाच तापमानाला राहील हे गृहीत धरणं तसं धाडसाचंच. मातीच्या कौलांची, तळमजल्यावरची खोली मिळाली असती तर थंड पेला ३२ ओलांडताना दिसलाच नसता. अर्थात मग मुलाची ती १७६ मिनिटंही कुणाला दिसली नसती, म्हणून मला पत्र्यांबद्दल फारशी तक्रार नाही.

दुसरा मुद्दा पहिल्या वाटेचा. मॅडमनी 32 − T ची युक्ती बाजूला ठेवली ते शिकवण्याच्या दृष्टीने बरोबर होतं. पण शीटसाठी तीच युक्ती जास्त सुरक्षित होती. LN(32-B2) लिहिलं असतं तर ३२.२ च्या ओळीत लगेच #NUM! आलं असतं, आणि पेल्याने बाजू बदलली हे तिथल्या तिथे कळलं असतं. मॉड सरसकट लावलं की तो इशारा जातो. कागदावर सिद्धता करताना मॉड, मशीनवर मोजताना बाजू ठरवून घेतलेला फरक, असं दोन्ही ठेवता आलं असतं.

तिसरं, मर्यादांची वाट. log(u/u₀) हे रूप मुलांना सुरुवातीलाच दिलं असतं तर भागाकार ऋण येताच मुलगा थांबला असता, कारण 0.7/(−24) चा लॉग कॅल्क्युलेटर देत नाही. मॅडमशी याबद्दल बोललो तेव्हा त्यांचं म्हणणं पडलं की मग मुलीने मॉडबद्दल विचारलंच नसतं. पुढच्या बॅचला त्या आधी मॉडने सुरुवात करणार आहेत आणि गुणोत्तराचं रूप रीडिंग घ्यायच्या दिवशी देणार आहेत. पेले मात्र दोनच ठेवणार, आणि या वेळी सुरुवात थंड पेल्यापासून करणार.